एका जप्ती पंचनाम्याचं वाचन: तीन गोण्या, अकरा पाकिटं आणि यादीत नसलेली चावी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. नावं, गाव, ठाणं सगळं काढून टाकलंय, आरोपीची ओळख पटेल असे तपशील बदललेत. कागदांचा क्रम आणि त्यातले घोळ मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण पंचनामा कसा वाचायचा हे नुसतं सांगून कळत नाही, एखादा अख्खा पंचनामा समोर ठेवूनच कळतं.

पार्श्वभूमी

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. गावातल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक भाड्याची खोली. पोलिसांना संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी बातमी मिळाली की तिथे गांजा ठेवलाय. पथक गेलं, झडती घेतली, तीन गोण्या मिळाल्या, एकूण वजन २१ किलो १०० ग्रॅम. पंचविशीतल्या एका पोराला अटक झाली. गुन्हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएस कायदा, १९८५.

गांजाच्या बाबतीत २० किलो हा आकडा फार महत्त्वाचा. २० किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण, मग कमीत कमी १० वर्षं शिक्षा आणि जामिनाला कलम ३७ ची अट, म्हणजे आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो असा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींवर कोर्टाचं समाधान व्हायला लागतं. १ किलोच्या वर आणि २० पर्यंत असेल तर मधलं प्रमाण, तिथे शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि जामिनाला ३७ ची ती भिंत नाही. म्हणजे इथे सगळा खेळ वरच्या १ किलो १०० ग्रॅमचा होता.

प्रकरण आमच्याकडे विधी सेवेतून आलं तेव्हा अटकेला दोन महिने होऊन गेले होते, पहिला जामीन अर्ज फेटाळला गेला होता, आणि घरच्यांकडे कागद म्हणून फक्त रिमांड रिपोर्टची झेरॉक्स होती. दोषारोपपत्र आल्यावर पंचनामा मिळाला. लॅपटॉपवर टाइप केलेली सहा पानं.

पंचनामा हातात आल्यावर

पंचनाम्याची भाषा ठरलेली असते, सदर, नमूद, समक्ष, येणेप्रमाणे. सलग वाचत गेलं की डोळे घसरत जातात आणि सगळं कसं सुरळीत झालं असंच वाटतं. म्हणून आम्ही तो सलग वाचतच नाही. आधी फक्त वेळा उचलायच्या, मग फक्त आकडे, मग फक्त माणसं, आणि शेवटी सह्या कुठल्या पानावर आहेत आणि कुठल्या नाहीत ते. प्रत्येक वेळी शेजारी दुसरा कागद ठेवायचा: वेळांसाठी स्टेशन डायरी आणि एफआयआर, वस्तूंसाठी मुद्देमाल पावती, वजनासाठी इन्व्हेंटरी, म्हणजे जप्त मालाची मॅजिस्ट्रेटसमोर होणारी मोजणी आणि यादी. पंचनाम्यातली चूक नुसत्या पंचनाम्यात सहसा दिसतच नाही, तो दुसऱ्या कागदाला लावून बघितला की दिसते.

काय काय जप्त झालं

पंचनाम्यातली यादी अशी होती:

- गोणी 'अ', खाकी टेपने गुंडाळलेली ४ पाकिटं, वजन ८ किलो ०५० ग्रॅम
- गोणी 'ब', तशीच ४ पाकिटं, ७ किलो १५० ग्रॅम
- गोणी 'क', ३ पाकिटं, ५ किलो ९०० ग्रॅम
- छोटा डिजिटल वजनकाटा, खोलीतल्या फळीवरून
- रिकाम्या झिपलॉक पिशव्या, 'अंदाजे ५०'
- रोख १४,२०० रुपये, आरोपीच्या खिशातून
- दोन मोबाइल, एक खिशातून, एक गादीखालून

बेरीज केली, २१ किलो १०० बरोबर येते. पण प्रत्येक गोणीच्या वजनापुढे एक छोटा शब्द होता, 'गोणीसह'. म्हणजे गोणी, तिच्यातलं प्लॅस्टिक, पाकिटांचा कागद आणि टेप, सगळं धरून वजन. निव्वळ माल किती हे सहा पानांत कुठेच नाही. २० च्या बरंच वर असतं, समजा ४० किलो, तर याने काही फरक पडला नसता. इथे १,१०० ग्रॅमवर माणसाची दहा वर्षं अडकली होती आणि ११ पाकिटांची टेप कुणी वेगळी मोजलीच नव्हती.

वर्णन होतं 'हिरवट रंगाची पाने, फुले, बिया व काड्या असलेला उग्र वासाचा ओलसर गांजा'. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. पानं आणि बिया शेंड्यांबरोबर नसतील तर त्या गांजात धरत नाहीत. उलट बाजूने बघितलं तर शेंड्यांबरोबर असतील तर वजनात येऊ शकतात, त्यामुळे 'पानं होती ना, मग ती वजा करा' एवढं सरळ म्हणता येत नाही. काड्यांचा मुद्दा मात्र खुला राहतो. आणि 'ओलसर' हा शब्द आम्ही लाल पेनने अधोरेखित केला, त्याचं कारण पुढे येईल.

रोख रकमेत नोटांचा तपशील दिला होता: ५०० च्या २४, २०० च्या ८, १०० च्या ५. हे होतात १४,१००. वर आणि मुद्देमाल पावतीत दोन्हीकडे १४,२००. मोबाइल पंचनाम्यात दोन, मुद्देमाल पावतीत एक. हे दोन्ही लिहून ठेवले, पण त्यावर लगेच उड्या मारल्या नाहीत.

मग यादीत काय नाही हे बघितलं, आणि या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट इथे सापडली. पान २ वर लिहिलंय, 'खोलीस कुलूप होते, आरोपीने आपल्या खिशातील चावीने ते उघडले.' गोण्या आरोपीच्या ताब्यात होत्या हे सिद्ध करायचा सरकार पक्षाचा मुख्य दुवा म्हणजे ही चावी, कारण खोली त्याच्या नावावर नव्हती, भाडेकरार मामाच्या नावाचा होता. ती चावी जप्तीच्या यादीत नाही. कुलूपही नाही. खिशातल्या १०० च्या नोटासुद्धा मोजून घेतल्या आणि कुलूप-चावी राहिली.

कोण कोण हजर होतं

पंच दोन, दोघंही नगरपरिषदेचे कर्मचारी, म्हणजे ज्यांना आपण सरकारी पंच म्हणतो. बीएनएसएस म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा, त्याच्या कलम १०३ मध्ये त्या भागातले दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे असं आहे, तिथलं कुणी मिळालं नाही किंवा तयार नसेल तर दुसरीकडचे चालतात. पंचनाम्यात वाक्य आहे की 'परिसरातील नागरिकांना विनंती केली असता त्यांनी नकार दिला, म्हणून नगरपरिषदेचे कर्मचारी बोलावले'. नकार देणाऱ्या एकाचंही नाव नाही. आणि नगरपरिषदेला पंच पुरवण्याबद्दल जे पत्र गेलं ते ५:३० चं, त्यावर आवक शिक्का आहे. पथक वाड्यात पोचलं ६:४५ ला. म्हणजे शेजाऱ्यांनी नकार द्यायच्या सव्वा तास आधीच पंच मागवले होते.

पथकात अधिकारी धरून सात जण. त्याशिवाय मजकुरात इकडेतिकडे अजून तीन माणसं येतात ज्यांच्या सह्या कुठेच नाहीत. एक, वजनकाटा घेऊन आलेला किराणा दुकानदार, 'वजनकाटाधारक यांच्या मदतीने' एवढाच उल्लेख, ना नाव ना जबाब. दोन, मोबाइलवर चित्रीकरण करणारा अंमलदार. तीन, घरमालक, ज्याने खालचं दार उघडून दिलं.

आणि चौथी व्यक्ती जिचा उल्लेखच नाही. आरोपीची आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "साहेब, मी होते की खोलीत, भाकऱ्या थापत होते. मला जिन्यात नेऊन बसवलं बाईपोलिसांनी." आम्ही विचारलं, मावशी, दाराला कुलूप होतं का तेव्हा? त्या म्हणाल्या, "मी आत असताना कुलूप कोण लावेल?"

आता आईचं बोलणं म्हणजे आईचं बोलणं, कोर्टात त्याला किती वजन मिळणार हे सगळ्यांना माहीत आहे. पण आता बीएनएसएस कलम १०५ खाली झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करायचंच असतं, जप्तीची यादी बनवणं आणि साक्षीदारांच्या सह्या धरून, आणि ते विलंब न लावता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. त्याची प्रत मागितली. तीन छोटे तुकडे आले. पहिल्या तुकड्याच्या सुरुवातीलाच दार उघडं, आणि उंबऱ्याजवळ कडेला एका बाईचा पदर आणि हात दिसतो, मग कॅमेरा वळतो. कुलूप उघडताना कुठेच नाही. दुसऱ्या तुकड्यात गोण्या. तिसऱ्यात पंच सह्या करतायत. वजन करतानाचं चित्रीकरण नाही.

खटकलेल्या गोष्टी आणि त्यातली कुठली टिकते

पहिली यादी केली तेव्हा चौदा मुद्दे निघाले. सगळे कोर्टापुढे ओतायचे हा मोह सगळ्यांना होतो, विशेषतः ज्युनियर पोरांना. आमचं म्हणणं वेगळं आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे एकच प्रश्न लिहायचा: ही चूक नक्की कशाला धक्का देते? ताब्याला, प्रमाणाला, तपासलेला माल तोच आहे की नाही याला, की कशालाच नाही? झडती बेकायदा असली म्हणून त्यात मिळालेला पुरावा आपोआप बाद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७४ च्या पूरनमल प्रकरणातच सांगितलंय. त्यामुळे नुसतं 'नियम पाळला नाही' असं म्हणून फारसं काही होत नाही.

एनडीपीएसचं कलम ५० घ्या. अंगझडती घ्यायच्या आधी आरोपीला सांगायला लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. इथल्या पत्रात तिसरा पर्याय पण दिला होता, 'अथवा आमच्या पथकातील अधिकाऱ्यांसमोर'. २०१४ च्या परमानंद निकालात अशा तिसऱ्या पर्यायाला चूक म्हटलंय. ऐकायला भारी मुद्दा, आणि पहिला जामीन अर्ज यावरच होता. पण गांजा अंगावर नव्हता, गोण्यांमध्ये होता. २०२३ च्या रंजनकुमार चढ्ढा निकालात स्पष्ट केलंय की बॅग किंवा सामानातून माल मिळाला तर कलम ५० लागत नाही, सोबत अंगझडती झाली असली तरी. म्हणजे हा दोष खरा आहे, पण तो फक्त खिशातल्या पैशांना आणि मोबाइलला चिकटतो.

कलम ४२ चा मुद्दा वेगळ्या प्रकारे गळला. बंद जागेची झडती सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घ्यायची तर वॉरंट आणेपर्यंत पुरावा लपवला जाईल किंवा आरोपी पळेल असं का वाटलं, ते अधिकाऱ्याने लिहून ठेवायला लागतं, आणि मिळालेली बातमी लेखी करून ७२ तासांत वरिष्ठांना पाठवायला लागते. जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास, झडती सुरू ६:५० ला, आणि पंचनाम्यात कारण नाही. पण स्टेशन डायरीची नक्कल आली त्यात कारणाची दोन वाक्यं होती आणि वरिष्ठांच्या कार्यालयाचा दुसऱ्या दिवशीचा आवक शिक्का पण. २००९ च्या करनैल सिंग निकालाप्रमाणे तर थोडा उशीर पण समजावून सांगितला तर चालतो, इथे उशीरही नव्हता. यादीतून काढून टाकला. दुसऱ्या मोबाइलचंही तसंच झालं, तो परस्पर सायबर शाखेकडे गेला होता आणि तिकडच्या रजिस्टरला नोंद होती. कागदपत्र मागवायच्या आधी हे दोन मुद्दे अर्जात घातले असते तर सरकारी वकिलांनी ते दोन मिनिटांत उडवले असते आणि बाकीच्या मुद्द्यांचंही वजन गेलं असतं.

आता गुन्हा रजिस्टर नंबर. पंचनामा ६:५० ला सुरू, ९:३५ ला संपला असं शेवटी लिहिलंय. एफआयआर रात्री ११:२० ला दाखल, म्हणजे गुन्ह्याला नंबर मिळाला तो तेव्हाच. पण पंचनाम्याच्या पहिल्या पानाच्या डोक्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आहे. हे बऱ्याच ठिकाणी दिसतं आणि नेहमीचं उत्तर असतं की जागा रिकामी ठेवलेली, नंतर पेनने भरली. हाताने लिहिलेल्या पंचनाम्यात ते पटूही शकतं. इथे नंबर टाइप केलेला आहे, बाकी मजकुराच्याच ओळीत, त्याच फाँटमध्ये, आणि त्याच पानाखाली पंचांच्या सह्या. म्हणजे निदान पहिलं पान तरी ११:२० नंतर छापलं गेलं आणि सह्या त्यानंतरच्या. मग तिसऱ्या तुकड्यात पंच जागेवर ज्या कागदांवर सह्या करतायत ते कागद कुठले? हा मुद्दा ताब्याला किंवा प्रमाणाला थेट धक्का देत नाही, पण 'जागेवर लिहिलं' या दाव्याचा पायाच हलवतो, आणि त्यावरच बाकी सगळं उभं असतं.

सह्यांमध्ये एक गोष्ट. सहापैकी पाच पानांवर दोन्ही पंचांच्या सह्या. पान ४ वर दुसऱ्या पंचाची नाही. पान ४ म्हणजे वजनाचं पान.

आणि शेवटी वजनाचा मुख्य घोळ. पंचनाम्यात जागेवरच प्रत्येक गोणीतून २४ ग्रॅमचे दोन नमुने काढलेत, तीन गोण्या म्हणजे १४४ ग्रॅम. मोहनलाल प्रकरणात २०१६ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नमुने कलम ५२-अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे, आणि २०२२ चे नियमही तेच सांगतात, तरी जुन्या सवयीने जागेवर नमुने काढले जातात. बरं, तेही असो. महिनाभराने मॅजिस्ट्रेटसमोर इन्व्हेंटरी झाली, तिच्यात तिन्ही गोण्यांचं वजन काय? ८.०५०, ७.१५०, ५.९००. एक ग्रॅमही इकडचा तिकडे नाही. १४४ ग्रॅम काढून घेतल्यावर जास्तीत जास्त २० किलो ९५६ यायला पाहिजे. वर माल पंचनाम्यात 'ओलसर' होता, ओलसर पाला गोणीत महिनाभर राहिला की वजन उतरतं, हे गवत-चारा भरणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आकडे जसेच्या तसे येणं म्हणजे पुन्हा वजन केलंच नाही, पंचनाम्यावरून उतरवून घेतलं, असं मानायला जागा होते. इन्व्हेंटरीच्या फोटोंमध्ये एक फोटो काट्याचा आहे, त्यावर पाकीट खाकी टेपसकट ठेवलेलं दिसतं. म्हणजे दुसऱ्या वेळीही निव्वळ वजन नाही.

समोर असलेले पर्याय

एक रस्ता म्हणजे झडतीच बेकायदा म्हणून दोषमुक्तीचा अर्ज. तो आम्ही पहिल्याच बैठकीत सोडला, दोषमुक्तीच्या टप्प्यावर कोर्ट पुरावा इतका खोलात तपासत नाही आणि फेटाळला गेला की तेच शब्द पुढे आपल्याच अंगावर येतात.

दुसरा, फक्त ५२-अ चं उल्लंघन धरून जामीन. पण २०२५ च्या जानेवारीतच भारत आंबाले प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ५२-अ पाळलं नाही एवढ्यानेच खटला कोसळत नाही, बाकी पुराव्याने जप्ती आणि मालाची ओळख पटत असेल तर चालतं, आणि पाळलं नाही हे आधी आरोपीने निदान शक्यतेच्या पातळीवर दाखवायचं. त्यामुळे '५२-अ पाळलं नाही' यापेक्षा '५२-अ च्या कागदातले आकडेच खरे वाटत नाहीत' हे म्हणणं जास्त मजबूत होतं.

तिसरा, जामीन फक्त प्रमाणावर मागायचा. सरकार पक्षाचं उत्तर काय असणार हे आधीच धरलं होतं: २०२० च्या हिरा सिंग निकालात मिसळलेला तटस्थ पदार्थ धरून पूर्ण वजन घ्यायचं म्हटलंय. पण तो निकाल मिश्रणाबद्दल आहे. गोणी आणि टेप गांजात मिसळलेली नसते, ती बाहेरून असते.

खरा वाद आमच्यात झाला तो चावी आणि आईच्या मुद्द्यावर. सिनियर सहकारी मॅडमचं मत होतं की ताब्याचा मुद्दा सगळ्यात जोरदार आहे, तो जामिनाला वापरला नाही तर पोरगा आत राहील. दुसरं मत असं की आत्ता बोललो तर उद्या पुरवणी जबाब येतील, चावी 'अनवधानाने नोंदवायची राहिली' असं निघेल, एखादा पंच पुरवणीत आईला दारात उभं करेल. वजनाचे आकडे मात्र छापून, सह्या होऊन, मॅजिस्ट्रेटच्या शिक्क्यासकट बसलेत, ते कुणी दुरुस्त करू शकत नाही. शेवटी ठरलं की जामिनाला वजन आणि एफआयआर नंबर, उलटतपासाला चावी. याची किंमत पण माहीत होती, जामीन फेटाळला गेला असता तर पोराने चावीचा मुद्दा राखून ठेवण्यापायी अजून वर्ष आत काढलं असतं, म्हणून हे आई आणि आरोपी दोघांना नीट समजावून, त्यांचं हो घेऊनच केलं.

काय केलं

दोषारोपपत्राबरोबर नसलेले कागद अर्ज करून मागवले: स्टेशन डायरीची नक्कल, मुद्देमाल रजिस्टरचा उतारा, इन्व्हेंटरीचे सगळे फोटो, चित्रीकरणाची पूर्ण प्रत, नगरपरिषदेचं आवक रजिस्टर. शेवटचं माहिती अधिकारातून. मग विशेष कोर्टात दुसरा जामीन अर्ज केला, चार पानी. चौदा मुद्द्यांतले फक्त तीन घेतले: 'गोणीसह' वजन, इन्व्हेंटरीतले तंतोतंत तेच आकडे, आणि टाइप केलेला गुन्हा नंबर. सोबत एक पानाचा तक्ता, डावीकडे पंचनाम्याचं वजन, मध्ये नमुने वजा जाता यायला पाहिजे ते, उजवीकडे इन्व्हेंटरीत आलेलं. १०० रुपयांचा फरक, सही नसलेलं पान, काटेवाल्याचं नाव नसणं, हे अर्जात घेतलं नाही, उलटतपासाच्या फाइलला लावलं.

पुढे काय झालं

सरकारी वकिलांनी हिरा सिंग काढलाच. कोर्टाने विचारलं, निव्वळ वजन कुठे आहे ते दाखवा. दाखवता आलं नाही. आदेशात लिहिलं गेलं की माल व्यावसायिक प्रमाणाचा आहे हे या टप्प्यावर ठामपणे म्हणता येत नाही, आणि पन्नास हजाराच्या जातमुचलक्यावर, दर आठवड्याला ठाण्यात हजेरीच्या अटीवर जामीन झाला.

खटला अजून चालू आहे. पहिल्या पंचाची साक्ष झाली. त्याने सरतपासात पंचनामा बरोबर सांगितला, उलटतपासात मान्य केलं की सह्या ठाण्यात झाल्या, जागेवर 'काही कागदांवर' झाल्या पण कुठल्या ते आठवत नाही. चावीबद्दल विचारल्यावर म्हणाला की दार त्याच्या आधीच उघडलेलं होतं, तो मागून जिना चढून आला. मुद्देमाल कोर्टात उघडला तेव्हा आम्ही अर्ज देऊन फक्त रिकाम्या गोण्या, प्लॅस्टिक आणि टेप-कागद वेगळे वजन करून घेतले. १ किलो ३८० ग्रॅम भरले. २१.१०० मधून वजा केलं तर १९ किलो ७२०. आत्ताच्या मालाचं वजन मागितलं नाही, तो वाळलेला आहे, त्याच्या वजनावरून जानेवारीतल्या वजनाबद्दल कुणालाच काही सांगता येणार नाही. वेष्टनाचं तसं नाही, टेप वाळून फारशी हलकी होत नाही. यावर सरकार पक्ष म्हणेल की टेपला चिकटलेला मालही त्यात आलाय, आणि ते काही अंशी खरंही आहे, पण २८० ग्रॅमचा फरक भरून काढायला तेवढं पुरेल असं आम्हाला वाटत नाही. निर्णय कोर्टाचा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रिमांडलाच चित्रीकरणाची मागणी लेखी नोंदवायला पाहिजे होती, त्या दिवशी कुणी वकील असता तर. वाड्यासमोरच्या दुकानाला कॅमेरा आहे, त्यात पथक किती वाजता आलं, वजनकाटा आला का, आई जिन्यात होती का, सगळं दिसलं असतं. दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढून गेलं होतं. असा अर्ज साध्या दोन ओळींचा असतो, फुटेज जतन करण्याबाबत, आणि तो पहिल्या आठवड्यातच उपयोगाचा.

दुसरं, इन्व्हेंटरीच्या दिवशी आरोपीतर्फे कुणी हजर नव्हतं. त्यासाठी पोलिसांनी अर्ज केला की तारीख कळते, रोजनाम्यात येते. तिथे उभं राहून फक्त एवढं म्हणायचं असतं की साहेब, वेष्टन वेगळं मोजून नोंद घ्यावी. ते झालं असतं तर कदाचित आकडा १९.७ आला असता आणि पोरगा तेव्हाच सुटला असता, किंवा २०.२ आला असता आणि आमचा अख्खा मुद्दा त्याच दिवशी संपला असता. तरीही ते करायला पाहिजे होतं असंच माझं मत आहे, कारण तेव्हाचं वजन हे खरं वजन होतं आणि आता सगळे अंदाजच आहेत.

दुसऱ्या पंचाची साक्ष पुढच्या तारखेला आहे. त्याला पान ४ दाखवायचंय.